कॉन्जुगेट बीमला मराठीत काय म्हणावं, आणि तिला जाडी असते का?

प्रश्न: “मी इंदूरला सिव्हिलचा डिप्लोमा करतो. घरी मराठी, वर्गात हिंदी. पुस्तकात ‘संयुग्मी धरन’ असं आहे. मराठीत याला काय म्हणायचं? सर म्हणतात ती काल्पनिक असते. मग काल्पनिक धरनवर भार कसा ठेवायचा? आणि खरी धरन मध्ये जाड असेल तर दुसरीही मध्ये जाड काढायची का?”

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण शब्दाचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. नाही, दुसरी तुळई जाड काढायची नाही. तिला जाडीच नसते. जाडीतला सगळा फरक तिच्यावरच्या भारात उतरतो.

आता शब्द. ‘धरन’ हिंदीत बरोबर आहे, पण मराठीत लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणी अडवणारं धरण येईल. आपला शब्द तुळई. ‘संयुग्मी’ मात्र खुशाल ठेवा. लॅटिनमधला ‘जुगुम’, संस्कृतातला ‘युग’ आणि आपलं बैलाच्या मानेवरचं ‘जू’ ही एकाच मुळाची भावंडं आहेत. कॉन्जुगेट म्हणजे एका जुवाखाली आलेलं. महाराष्ट्रातल्या शाळेत करणीच्या जोडीला ‘अनुबद्ध’ म्हणतात. तो शब्दही चुकीचा नाही, पण त्यातून एक दुसऱ्याला मागून बांधलंय असा भास होतो. ‘जोडतुळई’ मला नको वाटते, कारण साइटवर त्याचा अर्थ दोन तुकडे जोडून केलेली तुळई असाच घेतला जाईल. आणि नुसतं ‘काल्पनिक तुळई’ म्हटलं तर ती कुणाची जोडीदार आहे हेच हरवतं. म्हणून माझं मत: संयुग्मी तुळई.

ही जोडी जुळते कशावरून? दोन समीकरणं शेजारी लिहून बघा. भार खाली आणि तुळईचा बाकही खाली मोजायचा, आणि पोट खाली काढणारा मोमेंट धन धरायचा.

```
d²M/dx² = −w
d²y/dx² = −M/EI
```

पहिल्यात w हा भार, त्यावरून मोमेंट M निघतो. दुसऱ्यात M/EI वरून बाक y निघतो; E हा पोलादाचा ताठपणा, I हा सेक्शनच्या आकारातून येणारा. साचा तोच, फक्त अक्षरं बदलली. म्हणजे w च्या जागी M/EI ठेवलं, की मोमेंट काढायच्या नेहमीच्या रीतीने बाक हातात येतो, आणि शिअर काढायच्या रीतीने उतार. साध्या टेकूंच्या तुळईत दोन्ही टोकांना बाक शून्य असतो. संयुग्मी तुळईच्या टोकांना मोमेंट शून्य हवा, म्हणून तिलाही साधेच टेकू. (कॅन्टिलिव्हरला हे चालत नाही. तिथे जखडलेलं टोक मोकळं होतं आणि मोकळं टोक जखडलं जातं.) हा विचार ओट्टो मोर यांनी 1868 मध्ये मांडला आणि वेस्टरगार्ड यांनी 1921 मध्ये कॉन्जुगेट बीम या नावाने तो पद्धतशीर करून दिला.

‘भार’ हा शब्द इथे अडतो, हे मला मान्य आहे. M/EI चं एकक काढा: किलोन्यूटन-मीटरला किलोन्यूटन-मीटर वर्गाने भागलं की उरतं ‘दर मीटर’. यात वजन कुठेच नाही. ती वक्रता आहे, म्हणजे त्या जागी तुळई किती वळली ते. तिची एकदा बेरीज केली की नुसता आकडा येतो, तो रेडियनमधला उतार. दुसऱ्यांदा केली की मीटर येतात, तो बाक. परीक्षेत उत्तराचं एकक मीटर आलं नाही तर कुठेतरी EI सुटला आहे असं समजा.

आणि आता जाडी. साध्या टेकूंच्या तुळईची रिअ‍ॅक्शन आणि मोमेंट काढताना आपण ती किती जाड आहे हे विचारतच नाही. समतोलाची दोन समीकरणं पुरतात. संयुग्मी तुळईही तशीच. तिच्याकडून आपल्याला फक्त रिअ‍ॅक्शन आणि मोमेंट हवेत, म्हणून तिला ताठपणाची गरज नाही. खऱ्या तुळईचा I जिथे दुप्पट, तिथे M/EI निम्मं, एवढंच. म्हणून सेक्शन बदलणाऱ्या तुळईला ही रीत इतकी मानवते. समीकरणं सोडवून जायचं तर प्रत्येक तुकड्याला वेगळे स्थिरांक लागतात आणि सांध्यावर उतार आणि बाक जुळवत बसावं लागतं. इथे ती जुळणी आपोआप होते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. सांवेर रोडवरच्या एखाद्या शेडमध्ये माळा काढायचा आहे असं धरा. 6 मीटरचा गर्डर, ISMB 250, दोन्ही टोकं भिंतीवर साधी टेकलेली. बरोबर मध्यावर एक आडवा गर्डर येऊन टेकतो आणि 40 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे चार टन, भार देतो. गर्डरचं स्वतःचं वजन सोडून देऊ. मधल्या 3 मीटरमध्ये वरच्या आणि खालच्या फ्लँजवर 125 मिमी रुंद, 12 मिमी जाड पट्टी वेल्ड केली आहे. ISMB 250 चा I सुमारे 5,132 सेमी⁴. या दोन पट्ट्या जवळजवळ तेवढाच आणखी देतात. म्हणजे टोकांच्या दीड-दीड मीटरमध्ये I आणि मधल्या तीन मीटरमध्ये 2I.

रिअ‍ॅक्शन दोन्हीकडे 20. मोमेंट टेकूवर शून्य, दीड मीटरवर 30, मध्यावर 60 किलोन्यूटन-मीटर. मोमेंटची ही आकृती सरळ त्रिकोणाची आहे, तिला पट्टीचा पत्ताही नाही. आता तिला EI ने भागा. डाव्या टेकूपासून दीड मीटरपर्यंत भार शून्यापासून 30/EI पर्यंत चढतो. तिथे पट्टी सुरू होते आणि त्याच जागी भार एकदम खाली येऊन 15/EI होतो. तिथून मध्यापर्यंत पुन्हा चढत 30/EI. उजवी बाजू आरशातली.

अर्ध्या लांबीवरचा भार मोजू. पहिला त्रिकोण 22.5/EI. पट्टीखालचा भाग दोन तुकड्यांत घेऊ: आयत 22.5/EI आणि त्यावरचा त्रिकोण 11.25/EI. बेरीज 56.25/EI. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून हीच संयुग्मी तुळईची रिअ‍ॅक्शन, आणि हाच खऱ्या गर्डरचा टेकूवरचा उतार. मध्यावरचा मोमेंट घेताना अंतरं मध्यापासून: पहिल्या त्रिकोणाचं गुरुत्वकेंद्र 2 मीटरवर, आयताचं 0.75 वर, दुसऱ्या त्रिकोणाचं 0.5 वर.

```
EI·y = 56.25×3 − 22.5×2 − 22.5×0.75 − 11.25×0.5
     = 168.75 − 45 − 16.875 − 5.625 = 101.25
```

E दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिमी घेतला तर EI होतो सुमारे 10,263 किलोन्यूटन-मीटर वर्ग, आणि मध्यावरचा बाक सुमारे 9.9 मिमी. पट्टी नसती तर हाच बाक 180/EI, म्हणजे 17.5 मिमी आला असता. पोलादी बांधकामाच्या IS 800:2007 या भारतीय मानकात तडे जाऊ शकणाऱ्या मजल्याला वापराच्या भाराखाली लांबीच्या 1/360 ची मर्यादा आहे, इथे 16.7 मिमी. हा सगळा भार वापराचाच धरला तर नुसता गर्डर नापास होतो आणि पट्टीचा आरामात पास.

पट्टी टोकापासून टोकापर्यंत लावली असती तर 90/EI, सुमारे 8.8 मिमी. म्हणजे मधल्या निम्म्या लांबीने जवळजवळ सगळं काम करून टाकलं. आता तेवढंच लोखंड उलट लावून बघा: टोकांच्या दीड-दीड मीटरमध्ये पट्टी आणि मध्य नुसता. उत्तर येतं 168.75/EI, सुमारे 16.4 मिमी. माल तोच, वजन तेच, आणि फायदा एक मिलिमीटरचा. कारण संयुग्मी तुळईत डोळ्यांना दिसतं: मोमेंट मध्यावर मोठा म्हणून M/EI चा भारही तिथेच दाटलेला, आणि मध्याजवळचा भार मध्यावर सगळ्यात जास्त मोमेंट देतो. पट्टी मध्यात लावली की नेमका तोच भार निम्मा होतो.

यावरून एक सवय मोडा अशी विनंती करतो. पुष्कळजण I आणि 2I ची सरासरी 1.5I घेऊन नेहमीच्या सूत्रात टाकतात. त्यांना दोन्ही वेळा 120/EI मिळतं. पहिल्या मांडणीत ते जास्त, दुसऱ्या मांडणीत खूपच कमी. पट्टी कुठे आहे हे सरासरीला कळत नाही.

दुसरी चूक जास्त लपलेली आहे. सांध्यावर भाराचे दोन आकडे असतात, पट्टीच्या बाहेर 30/EI आणि पट्टीत 15/EI. विद्यार्थी एकच 30 लिहितो आणि तिथून मध्याच्या 30 पर्यंत आडवी रेघ ओढतो. मग उत्तर येतं 123.75/EI, सुमारे 12 मिमी. हे 8.8 आणि 17.5 च्या मध्येच बसतं, त्यामुळे संशय येत नाही. मध्यावरचा शिअरही शून्यच येतो, कारण आकृती सममितच राहिली. पकडायचा मार्ग एकच: प्रत्येक सांध्यावर डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा शेजारी लिहा. त्यांचं गुणोत्तर दोन I च्या उलट गुणोत्तराएवढं यायलाच हवं. दोन्ही आकडे सारखे दिसले तर I बदललेलाच नाही, किंवा तुम्ही उडी विसरलात.

पट्टी एकाच बाजूला असेल तर सर्वाधिक बाक मध्यावर नसतो. तेव्हा संयुग्मी तुळईचा शिअर जिथे शून्य होतो ती जागा आधी शोधायची आणि मोमेंट तिथे काढायचा. सेक्शन पायरीने न बदलता हळूहळू निमुळता होत असेल तर M/EI ची रेघ वाकडी होते आणि त्रिकोण-आयत चालत नाहीत. लांबीचे सारखे भाग पाडून सिम्पसनच्या नियमाने भाराची आणि त्याच्या मोमेंटची बेरीज करावी लागते. बाकीची रीत तीच.

दोन मर्यादा ध्यानात असू द्या. ही वक्रता फक्त वाकण्याची आहे. शिअरमुळे येणारा थोडा बाक यात धरलेला नाही, आणि आखूड, खोल तुळईत तो दुर्लक्ष करण्याइतका राहत नाही. आणि कागदावर पट्टी दीड मीटरला सुरू झाली की I तिथल्या तिथे दुप्पट होतो, पण गर्डरमध्ये पट्टीच्या टोकाला ताण वेल्डमधून हळूहळू शिरतो. म्हणून टोकाचा थोडा भाग पट्टी असून नसल्यासारखा असतो, आणि खरा बाक हिशेबापेक्षा किंचित जास्त भरतो.