तिथीने वाढदिवस कधी?

"आई, आजी म्हणते माझा तिथीचा वाढदिवस दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. मग 2026 मध्ये तो कधी, ते कसं शोधायचं?"

सोनू,

आधी तुझी जन्मतिथी बघू. तुझा जन्म पुण्यातला, 15 जुलै 2016, दुपारचा. त्या दिवसाच्या पंचांगात आषाढ शुद्ध एकादशी आहे, म्हणजे पंढरपूरच्या वारीची एकादशी. महिना, पक्ष आणि तिथी या तीन गोष्टी पाठ कर, कारण पंचांगात आपण तारीख न बघता याच शोधणार आहोत.

चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. अशा तिथींचे बारा महिने साधारण 354 दिवसांत संपतात, त्यामुळे तुझी तिथी पुढच्या वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. 2024 मध्ये ती 17 जुलैला होती, 2025 मध्ये 6 जुलैला. असंच चालू राहिलं तर आषाढ हळूहळू हिवाळ्यात जाईल. म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना येतो. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे तुझी तिथी मागे न जाता पुढे सरकली: भारतात 25 जुलै. ज्या वर्षी आषाढच अधिक येईल, त्या वर्षी तो सोडून दे आणि निज आषाढातली एकादशी धर.

आता आपल्या घरापुरती गोष्ट. वाढदिवसाला सूर्योदयाच्या वेळी जी तिथी असेल ती धरतात. तिथी मध्यरात्रीला बदलत नाही, ती दिवसा-रात्री केव्हाही बदलते. भारतात ही एकादशी 24 जुलैला सकाळी नऊनंतर लागते आणि 25ला साडेअकराच्या सुमारास संपते, म्हणून सूर्योदयाची एकादशी 25ला. आपण न्यू जर्सीत साडेनऊ तास मागे आहोत. इथे ती 23च्या रात्री उशिरा लागते आणि 25ला पहाटे दोनच्या सुमारासच संपते. म्हणजे आपल्या सूर्योदयाला एकादशी फक्त 24ला. आजीच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात 25 आहे आणि ते तिथे बरोबरच आहे. पण इथला दिवस शोधायचा तर पंचांगाच्या साइटवर आधी आपलं गाव निवड, मगच तारीख बघ.

कधी कधी एकच तिथी दोन सूर्योदयांना सापडते, तर कधी एकाही नाही, कारण तिथी साधारण 19 ते 26 तासांची, कमीजास्त लांबीची असते. एकाही सूर्योदयाला नसेल, तर ज्या दिवशी ती लागून संपते तो दिवस घे. दोनदा आली तर आजीला विचार, घरोघरी रीत वेगळी असते.

दादाची तिथी काढताना मात्र सांभाळ. तो श्रावण वद्य अष्टमीचा. उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तीच अष्टमी तिथे भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून छापलेली असते. आपला महिना अमावास्येला संपतो. साइटवर 'अमान्त' असेल तेच निवड, नाहीतर दादाचा वाढदिवस एक महिना चुकेल.

तुझी आई