आधी EV तपासा, मग खर्च

उदाहरणाला एक कुंपणभिंत घ्या: 10 गाळे, प्रत्येकी बजेट 1 लाख. आजअखेरचे आकडे, लाखांत:

| ठरलेलं काम, PV | झालेलं काम, EV | खर्च, AC |
|---|---|---|
| 6 | 4 | 5 |

नवीन माणूस 6 आणि 5 बघून ‘लाख वाचला’ म्हणतो. पहिली चूक हीच. साइटवर जाऊन गाळे मोजा. पुरे झालेत चारच, म्हणून EV, म्हणजे झालेल्या कामाची बजेटमधली किंमत, 4.

खर्चाचा निर्देशांक CPI = EV/AC = 0.80. खर्चलेल्या रुपयामागे 80 पैशांचंच काम झालंय.
वेळापत्रकाचा निर्देशांक SPI = EV/PV = 0.67. ठरल्यापैकी दोन तृतीयांशच झालं.

अर्धवट गाळ्याला अंदाजाने ‘90 टक्के’ देऊ नका. सध्या पुरा झाला तरच धरा. आणि काम उशिरा संपलं तरी SPI शेवटी 1 होतोच, म्हणून तारखा वेगळ्या बघा. अंतिम खर्चाचा अंदाज नंतर शिका.