पन्नास टॅग आणि एक बोंबील

सप्रेम नमस्कार,

तुमचा सविस्तर निरोप मिळाला. वयाने तुम्ही माझ्या मुलीच्या बरोबरीचे आहात, तरी कामाच्या पत्रात मी तुम्हाला ‘तुम्ही’ असेच म्हणेन. आपण ज्याचे पैसे देतो ते काम कसे आणि का होते, हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे. त्यामुळे तुमच्या यूट्यूब चॅनलवरच्या प्रत्येक व्हिडिओला पन्नास टॅग आणि ‘हे सिक्रेट पाहून हॉटेलवालेही थक्क’ या धाटणीचे शीर्षक द्यावे, ही मागणी मी मान्य का करत नाही आणि त्याच मोबदल्यात काय करून देईन, हे नीट लिहितो. उदाहरण तुमच्याच नव्या व्हिडिओचे घेतो, ज्यात तुमच्या आईंनी वेसाव्याच्या घरच्या पद्धतीने बोंबील फ्राय करून दाखवले आहेत. कच्चे चित्रीकरण मी पूर्ण पाहिले आहे.

टॅगचा प्रश्न आकड्यांपासूनच सुरू होतो. यूट्यूबवर एका व्हिडिओच्या टॅगसाठी एकूण 500 अक्षरांची मर्यादा आहे. पन्नास टॅग भरायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दहा अक्षरे येतात आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. ‘बोंबील फ्राय रेसिपी’ एवढे साधे शब्दच एकोणीस अक्षरे घेतात. म्हणजे पन्नासचा आकडा गाठण्यासाठी ‘व्हायरल’, ‘फूड’, ‘मुंबई’, ‘पापलेट’ असे तुटक आणि या व्हिडिओशी जेमतेम संबंध असलेले शब्द भरावे लागतील. तुम्ही पाठवलेल्या यादीत तर दोन मोठ्या पाककृती चॅनलांची नावेही आहेत. ती मी कोणत्याही परिस्थितीत टाकणार नाही, कारण दिशाभूल करणारी माहिती केवळ शीर्षकात नव्हे, टॅग आणि वर्णनात देणेही यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. टॅगची लांबलचक रांग वर्णनाच्या चौकटीत चिकटवण्याचा जो उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवला आहे, तोही त्याच नियमांत बसत नाही. हॅशटॅगचे म्हणाल तर 60 पेक्षा जास्त दिले की यूट्यूब त्या व्हिडिओवरील सगळेच हॅशटॅग दुर्लक्षित करते.

यूट्यूबच्या मदतपानावर स्पष्ट लिहिले आहे की व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा अत्यल्प असतो. ज्या शब्दांचे स्पेलिंग लोक वारंवार चुकवतात तिथेच त्यांचा उपयोग होतो. तरीही टॅगवरचा विश्वास हटत नाही, त्याला इतिहास आहे. एकेकाळी वेबसाइटच्या पानात लपवलेले कीवर्ड शोधयंत्रे वाचत असत. लोकांनी त्यांचा इतका गैरवापर केला की वेब शोधाच्या क्रमवारीसाठी आपण ते विचारात घेत नाही, असे गूगलने 2009 मध्ये जाहीर केले. सवय मात्र उरली, आणि टॅग मोजून व्हिडिओला गुण देणाऱ्या साधनांनी ती जिवंत ठेवली. तो गुणांक त्या साधनाचा असतो, यूट्यूबचा नसतो, हे हिरवा आकडा पाहून हरखून जाणारे बहुतेक जण विसरतात.

गंमत अशी की ज्या एका कारणासाठी टॅग उपयोगी पडतात, ते कारण बोंबलाला नेमके लागू होते. हा मासा कोणी ‘बोंबील’ लिहितो, कोणी ‘बोंबिल’. रोमन लिपीत कोणी bombil तर कोणी bombeel. आणि इंग्रजीत शोधणारा bombay duck असेच लिहितो. म्हणून मी या व्हिडिओला सहाच टॅग देणार आहे:

```
बोंबील फ्राय, बोंबिल फ्राय, bombil fry,
bombeel fry, bombay duck fry, बोंबील साफ कसे करायचे
```

आता शीर्षकाकडे वळतो, कारण खरा मतभेद तिथे आहे. अतिशयोक्त शीर्षकावर लोक क्लिक करतात, हे तुमचे म्हणणे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न क्लिकनंतरच्या अर्ध्या मिनिटाचा आहे. यूट्यूबने 2012 मध्येच शिफारशींसाठी केवळ व्ह्यूजच्या संख्येऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व देण्यास सुरुवात केली आणि आज तर प्रेक्षकाचे समाधान झाले का, हेही सर्वेक्षणांतून विचारले जाते. समजा, व्हिडिओचा थंबनेल हजार वेळा लोकांसमोर आला. ‘हॉटेलवालेही थक्क’ या शीर्षकावर ऐंशी जणांनी क्लिक केले आणि पहिल्या तीस सेकंदांनंतर त्यांपैकी चोवीस उरले. साध्या, नेमक्या शीर्षकावर पन्नासच जणांनी क्लिक केले, पण पस्तीस उरले. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण घडते ते असेच. पहिल्या शीर्षकाने कुतूहलाने आलेले आणि लगेच परतलेले प्रेक्षक जमवले. आता यंत्रणेला दिसते की बरेच लोक आत येऊन निघून जातात, आणि हा व्हिडिओ नेमका कोणाला दाखवावा हेही तिला कळत नाही, कारण आलेल्यांपैकी अनेकांना मासे शिजवण्यात रसच नव्हता. दुसऱ्या शीर्षकाने ज्यांच्या घरी ओट्यावर बोंबील पडले आहेत, अशांना आणले.

डिसेंबर 2024 मध्ये गूगलने भारतासाठी असेही जाहीर केले की, व्हिडिओत नसलेल्या गोष्टीचा दावा करणाऱ्या ढळढळीत फसव्या शीर्षकांवर आणि थंबनेलांवर कारवाई कडक केली जाईल. तो रोख मुख्यतः ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींवर होता, बोंबलावर नव्हे. म्हणून त्या भीतीने मी नकार देत आहे असे समजू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटातले नुकसान मला त्याहून मोठे वाटते.

मग चांगले शीर्षक कुठून आणायचे? व्हिडिओतूनच. तुमच्या आई साधारण चौथ्या मिनिटाला जे सांगतात, ते या संपूर्ण चित्रीकरणातले सर्वात मोलाचे आहे. ताज्या बोंबलात पाण्याचा अंश फार असतो. तसाच तव्यावर टाकला तर पाणी सुटते, पीठ निसटते, मासा चिकटून तुटतो. म्हणून त्या बोंबील चिरून उघडतात, मधला काटा काढतात, मीठ लावून कापडात ठेवतात आणि वर पाटा ठेवून पाणी निथळू देतात. घरी पहिल्यांदा बोंबील करणाऱ्याची नेमकी हीच अडचण असते. शोधचौकटीत ‘बोंबील’ लिहून पुढे कोणत्या सूचना येतात ते पाहावे (आपल्या जुन्या शोधांचा रंग त्यावर चढू नये म्हणून खासगी विंडोत पाहावे), आणि जुन्या व्हिडिओंखाली लोकांनी विचारलेले प्रश्न वाचावेत. तुमच्या सुरमईच्या व्हिडिओखाली ‘मासा तव्याला का चिकटतो’ हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. त्यावरून मी हे शीर्षक सुचवतो:

```
बोंबील फ्राय पाणी न सुटता कुरकुरीत कसे करायचे? | वेसावे कोळी पद्धत
```

शीर्षकाची मर्यादा 100 अक्षरांची आहे, हे त्याच्या दोन तृतीयांशांत बसते. माशाचे नाव आणि अडचण सुरुवातीला ठेवली आहे, कारण मोबाइलवर लांब शीर्षकाचे शेपूट कापले जाते. कापले गेलेच तर ‘कोळी पद्धत’ जाईल, प्रश्न राहील. यात कुतूहल नाही असे तुम्ही म्हणाल, पण ते आहे, फक्त उत्तर व्हिडिओत मिळते. थंबनेलवर शीर्षकाचे शब्द पुन्हा लिहायचे नाहीत. एकाच तव्यात डावीकडे तुटलेला आणि उजवीकडे अखंड, सोनेरी बोंबील, एवढे पुरे. त्यासाठी एक बोंबील न दाबता तळून त्याचा फोटो काढावा लागेल. आईंना ते आवडणार नाही, हे मी समजू शकतो.

याच्या जोडीला संकलनात एक बदल हवा. सध्या पहिली पन्नास सेकंदे किनाऱ्याची दृश्ये आणि चॅनलची ओळख यांत जातात. दृश्ये सुंदर आहेत, पण ज्याने प्रश्न विचारला आहे त्याला तेवढा वेळ थांबवू नये. पहिल्या दहा सेकंदांत तुटलेला आणि अखंड बोंबील शेजारी दाखवून आईंच्या तोंडचे ‘पाणी काढलं नाही तर असं होतं’ हे वाक्य आणू या, आणि किनारा नंतर येऊ द्या. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी साध्या वाक्यांत लिहीन, त्यांतच माशाची मराठी आणि इंग्रजी नावे येतील. खाली साफ करणे, दाबणे, पीठ लावणे आणि तळणे असे वेळांचे टप्पे देईन. पहिला टप्पा 00:00 पासून असावा लागतो, किमान तीन टप्पे लागतात आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा हवा.

तुम्हाला हिंदी प्रेक्षकही हवे आहेत, म्हणून एकाच शीर्षकात तीन भाषा कोंबाव्यात असे तुम्ही सुचवले होते. त्याऐवजी यूट्यूब स्टुडिओत शीर्षक आणि वर्णनाचे हिंदी भाषांतर वेगळे देता येते. मात्र मग हिंदी सबटायटलही द्यावी लागतील. नाहीतर हिंदी शीर्षक पाहून आलेल्याला आत मराठीच ऐकू येईल आणि तो पहिल्याच मिनिटाला निघून जाईल.

प्रकाशनानंतर पहिले दोन आठवडे रोज व्ह्यूज मोजत बसू नका. स्टुडिओतील विश्लेषणात आपण दोनच ठिकाणी पाहू. पहिले म्हणजे यूट्यूब शोधातून आलेल्यांनी कोणते शब्द लिहिले होते. तिथे ‘बोंबील साफ कसे करायचे’ वारंवार दिसले, तर तो स्वतंत्र, लहान व्हिडिओ करण्याचा विषय आहे. दुसरे म्हणजे पहिल्या तीस सेकंदांनंतर किती प्रेक्षक उरतात आणि क्लिकचे प्रमाण किती आहे, हे दोन्ही एकत्र. क्लिक कमी पण आलेले लोक टिकतात, तर शीर्षक किंवा थंबनेल बदलू. क्लिक भरपूर पण सुरुवातीलाच गळती, तर शीर्षकाने व्हिडिओपेक्षा जास्त सांगितले आहे किंवा उत्तर उशिरा येते आहे. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनलांचे आणि व्हिडिओंचे क्लिकचे प्रमाण 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असते. आणि व्हिडिओ अनोळखी लोकांपर्यंत पोहोचू लागला की हे प्रमाण घसरणे स्वाभाविक आहे, तेव्हा त्या घसरणीने घाबरून शीर्षक बदलू नका. थंबनेलबद्दल आपले एकमत झाले नाही, तर स्टुडिओत तीनपर्यंत थंबनेल एकमेकांशी तपासता येतात. त्या चाचणीचा निकाल यूट्यूब क्लिकवर नव्हे, पाहिल्या गेलेल्या वेळेवर ठरवते. तुमच्या पसंतीचा भडक थंबनेल त्यात खुशाल ठेवा, माझी हरकत नाही. फक्त त्यात व्हिडिओत नसलेली गोष्ट नसावी.

बोंबील मुळात कसा निवडायचा हे आई सांगत नाहीत, ती उणीव मात्र कोणतेही शीर्षक भरून काढणार नाही. ते दोन मिनिटांचे वेगळे चित्रीकरण करता आले तर उत्तम. तसेच पाट्याखाली बोंबील किती वेळ ठेवतात, हे चित्रीकरणात नीट ऐकू येत नाही. ते आईंना विचारून मला कळवा, म्हणजे टप्प्यांच्या यादीत आणि वर्णनात बरोबर वेळ लिहिता येईल.

आपला,
व्हिडिओ संकलक