ओव्ह्युलेशन स्ट्रिपवरची फिकट रेघ आणि पीसीओएस

प्रश्न: मी मुलुंडला राहते, मला पीसीओएस आहे. ११व्या दिवसापासून १८व्या दिवसापर्यंत स्ट्रिपवर रोज दुसरी रेघ दिसली, कधी फिकट, कधी गडद. बीज नक्की कधी सुटले?

उत्तर: गर्भचाचणीत फिकट रेघही होकार मानली जाते, या स्ट्रिपवर मात्र चाचणीची रेघ शेजारच्या कंट्रोल रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल आणि पत्रकात दिलेल्या वेळेतच वाचली असेल, तरच निकाल होकारार्थी धरावा. म्हणून तुमचे फिकट दिवस आधी वगळा. उरलेल्या गडद दिवसांवरही विसंबू नका, कारण स्ट्रिप बीज नव्हे, तर एलएच हे संप्रेरक ओळखते, आणि पीसीओएसमध्ये ते मुळातच वाढलेले असू शकते किंवा कधी ते वाढूनही बीज सुटत नाही. खात्रीसाठी फॉलिक्युलर सोनोग्राफी करावी, अथवा बीज सुटण्याच्या अपेक्षित दिवसानंतर सुमारे ७ दिवसांनी रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासावे.