इन्कम टॅक्सची १४४ची ऑर्डर आली, आता अपील करू की दंड वाचवू?

"वकील साहेब, निपाणीत माझं खत-बियाण्याचं दुकान. नोटिसा जुन्या अकाउंटंटच्या ईमेलवर गेल्या, मला पत्ताच नाही. १२ मेला ऑर्डर मिळाली, हमाली-गाडीभाड्याचे ४ लाख खर्च नामंजूर, वर २७०एची दंडाची नोटीस. मुलगी बीकॉमला आहे, तिच्या 'जोड्या लावा'त हीच कलमं आहेत. आमची जोडी कुठली, आणि आता करायचं काय?"

दादा, तुमच्या कागदावरच जोड्या लावून घ्या. १४२(१) म्हणजे माहिती मागणारी नोटीस, १४३(२) म्हणजे स्क्रूटिनीची, रिटर्न तपासायला घेतल्याची, आणि यातल्या एकीलाही उत्तर द्यायचं राहिलं की १४४, म्हणजे अधिकारी हातातल्या माहितीवर स्वतःच उत्पन्न ठरवतो. १५६ ही डिमांडची, म्हणजे टॅक्स भरायला सांगणारी नोटीस, २४६ए पहिलं अपील.

आता खरा प्रश्न. समजा तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात, तर ४ लाखांवर सेस सोडून ८०,००० टॅक्स होतो. २७०एमध्ये उत्पन्न कमी दाखवलं एवढंच म्हणणं असेल तर दंड त्याच्या निम्मा, ४०,०००, पण खोटी माहिती देऊन कमी दाखवलं म्हटलं असेल तर दुप्पट, १,६०,०००. म्हणून नोटिशीत यातलं नेमकं काय लिहिलंय ते आधी बघा.

पहिलंच कारण असेल तर २७०एए खाली दंडमाफी मागता येते, पण टॅक्स आणि व्याज डिमांडच्या मुदतीत भरायचं, फॉर्म ६८ हा माफीचा अर्ज ३० जूनपर्यंत द्यायचा आणि अपील करायचं नाही. दोन्ही एकदम जमत नाही, इथंच लोक फसतात, माफीचा अर्ज टाकतात आणि अपीलही टाकतात.

पण तुमचा खर्च खरा आहे, मग टॅक्स कशाला भरायचा? मी तर अपीलच करायला सांगीन. डिमांडची नोटीस त्याच दिवशी मिळाली असेल तर ३० दिवस, म्हणजे ११ जूनपर्यंत फॉर्म ३५ ऑनलाइन भरा, ठरवलेलं उत्पन्न २ लाखांच्या वर असल्यानं फी १,००० रुपये. मुदत चुकली तर उशिराचं कारण पटवावं लागतं, त्याच्या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०२४ पासून १४४ची ऑर्डर रद्द करून केस परत अधिकाऱ्याकडे पाठवायचा अधिकार अपील कमिशनरला आहे, तेव्हा नोटिसा दुसऱ्याच्याच ईमेलवर गेल्या हे पोर्टलच्या स्क्रीनशॉटसकट सुरुवातीलाच मांडा. अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही हं, साधारण २० टक्के भरून अधिकाऱ्याकडे स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो. दंडाच्या नोटिशीलाही उत्तर द्या, अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबा म्हणून.

आणि हमालीची व्हाउचरं, मराठी-कन्नडातली, अंगठ्यांची, सगळी इंग्रजी भाषांतरासकट जोडा, फेसलेसमध्ये, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन चालणाऱ्या कामात, वाचणारा माणूस कुठलाही असू शकतो. एकाच माणसाला एका दिवशी १०,००० च्या वर रोख दिलेलं व्हाउचर वेगळं काढा, गाडीवाल्याला ही मर्यादा ३५,००० आहे. त्यावरचा खर्च अपिलातही टिकणं अवघड.