गिझर-इस्त्रीला फ्यूज उडतो, जाड तार टाकावी का?

प्रश्न: सदाशिव पेठेत जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. सकाळी गिझर चालू असताना इस्त्री लावली की किटकॅट फ्यूज उडतो, तोही कधी उडतो, कधी नाही. तार ५ अँपिअरची आहे. वायरमन म्हणतो, जाड तार टाकतो, पुन्हा उडणार नाही. टाकू द्यावी का?

उत्तर: नका टाकू देऊ. फ्यूज उडायचा थांबेल हे खरं, पण मग तापेल ती भिंतीतली वायर.

गिझरच्या पाटीवर बहुधा २००० वॅट असेल. २३० ने भागलं की ८.७ अँपिअर. १००० वॅटची इस्त्री ४.३ घेते. दोन्ही मिळून १३. फ्यूजची तार तिच्या आकड्याच्या साधारण दुप्पट प्रवाहाला वितळते, म्हणजे तुमची ९-१० अँपिअरला. एकटा गिझर कसाबसा निभावतो, इस्त्री लागली की तार जाते. पाणी तापून थर्मोस्टॅटने गिझर बंद केलेला असेल तेव्हा मात्र इस्त्री निवांत चालते. म्हणून कधी उडतो, कधी नाही.

आता भिंतीतलं बघा. जुन्या घरांत बऱ्याचदा तीन-बावीसची, म्हणजे २२ गेजच्या तीन तारा एकत्र पिळलेली तांब्याची वायर असते, बंद पाइपात तिला ११-१२ अँपिअरच्या वर नेऊ नये. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १३ अँपिअरला ही वायर मीटरमागे अडीच वॅट तापते, २६ ला दहा वॅट. १५ अँपिअरची फ्यूजतार तर ३० च्या आसपास वितळणार, तोवर ती शांतच. वायरवरचं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतच टिकतं.

आमच्या नारायण पेठेतल्या घरी किटकॅटमध्ये कुणीतरी तीन-चार तारांचा पीळ भरला होता. वर्षानुवर्षं फ्यूज उडाला नाही, आम्ही खूश. बोर्ड उघडला तर वायरचं आवरण तपकिरी पडलेलं, वाकवलं की बिस्किटासारखं तुटून आतलं तांबं उघडं पडत होतं.

म्हणून फ्यूजचा आकडा निवडताना तो लोडपेक्षा जास्त आणि वायरच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. तुमच्या १३ अँपिअरला या वायरवर असा आकडाच नाही. घरमालकांशी बोलून गिझरला २.५ चौरस मिमी तांब्याची, अर्थिंगसकट वेगळी लाइन ओढून घ्या, तिला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. जुन्या लाइनला ६ चा पुरे. इस्त्री, दिवे आणि टीव्ही त्यात बसतात. बाथरूमसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विचही लावा, कारण शॉकपासून फ्यूज वाचवत नाही.

तोवर इस्त्रीआधी गिझर बंद करा आणि तार ५ चीच ठेवा. गिझरच्या प्लगची पिन काळवंडली असेल किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, तर स्क्रू ढिला आहे. तिथे नुसता ०.१ ओहम रोध असला तरी एकट्या गिझरच्या प्रवाहाने त्या एका टिचभर जागी साडेसात वॅट उष्णता साठते, आणि प्रवाह वाढलेला नसल्याने ते ना फ्यूजला कळतं, ना एमसीबीला. मेन बंद करून तो आधी आवळून घ्या. पिन जळकी असेल तर प्लग-सॉकेट दोन्ही बदला.