उगवतीचा की मावळतीचा?

पैठणहून सुट्टीला आलेल्या चुलतभावानं जायकवाडीच्या धरणावरून काढलेला फोटो चॅटबॉटला दाखवला.

"दादा, सूर्यास्त बरोबर ओळखला बघ!"

"अरे, प्रश्नातच तू 'सूर्यास्त कसा आहे' लिहिलंस. नवीन चॅट उघड. नुसतं विचार, उगवतीचा की मावळतीचा, आणि कशावरून?"

उत्तर पुन्हा सूर्यास्तच आलं. मग मी माझा शेतातला पहाटेचा फोटो टाकायला लावला. त्यालाही सूर्यास्तच म्हटलं, तेही ठामपणे!

"असं कसं?"

"दोन्ही वेळी ऊन हवेच्या जाड थरातून येतं. निळा विखुरतो, तांबडा उरतो. रंगावरून वेळ कळत नाही, दिशा लागते. धरणावरून पाण्याकडं पाहिलं की पश्चिम, हे तुला ठाऊक आहे, त्याला नाही."

"फाईलमध्ये वेळ असते की."

"असते, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला की ती नोंद गळते. राहिली तरी चॅटबॉट ती वाचेलच असं नाही."

म्हणून नवख्यानं आधी गाव, दिशा, वेळ लिहून द्यावी. पाणी, ढग, पक्षी यांचं वर्णन चॅटबॉट छान करतो, ते त्याच्याकडून खुशाल घ्यावं. पण 'कशावरून' विचारल्यावर नुसती 'केशरी छटा' सांगितली, तर तो अंदाज समजावा.